रद्दीचा भाव विचारण्याआधी वजन मोजा: घरचं भंगार विकायला शिकताना

पहिल्यांदा घरची रद्दी विकली तेव्हा मी भावावरून चांगली वीस मिनिटं घासाघीस केली. बाकीचे किलोला १० देत होते, या गृहस्थांना मी ११ वर आणलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. (पैसे कुठलेही धरा, आकडे हिशेबापुरते.) पाच गठ्ठे होते, त्यांच्या काट्यावर १९ किलो भरले, २०९ हातात आले. पुढच्या खेपेला तेवढ्याच उंचीचे, तसेच पाच गठ्ठे बांधले आणि सहज म्हणून आधी घरी तोलले. २२ किलो. १० च्या साध्या भावाने २२ किलोचे २२० होतात. म्हणजे ज्या सौद्यात मी जिंकले होते, त्यातच मी ११ ने हरले होते.

ते तीन किलो गेले कुठे, हे मला बरंच नंतर कळलं. त्यात सगळी लबाडीच होती असंही नाही. प्रत्येक गठ्ठा ४.४ किलोचा होता. तो वेगळा तोलला, काट्याने चारच्या जरा वर दाखवलं, ‘चार धरा’ झालं. पाच वेळा चार म्हणजे वीस. वरून ‘सुतळीचं आणि ओलीचं एक किलो कमी’. प्रत्येक वेळचं बोलणं पटण्यासारखं होतं, बेरीज मात्र माझ्या विरोधात गेली. नवशिक्याने सुरुवात भावापासून न करता वजनापासून करावी असं मी म्हणते ते यामुळे.

आधी घरचं वजन

सामान उचलायचा आकडीवाला डिजिटल काटा मिळतो, प्रवासाच्या बॅगा तोलायचा. घरच्या रद्दीला तो पुरेसा आहे. तो नसेल तर माणसं तोलायचा काटाही चालतो, पण गठ्ठा थेट त्यावर ठेवू नका, हलक्या वजनाला असे काटे बरेचदा चुकतात. आधी नुसते उभे राहून वजन घ्या, मग गठ्ठा हातात धरून, आणि वजाबाकी करा. अर्धा किलो इकडेतिकडे होईल, पण तीन किलोची तफावत नक्की दिसेल.

आपला काटा तरी खरा कशावरून? त्यासाठी पाणी वापरा. एक लिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक किलो. लिटरच्या पाच भरलेल्या बाटल्या पिशवीत घालून टांगल्या की पाच किलो आणि वर रिकाम्या बाटल्यांचे शे-सव्वाशे ग्रॅम दिसायला हवेत. दुसरं सोयीचं माप म्हणजे छपाईच्या ए-फोर कागदाचं न फोडलेलं रीम. ८० जीएसएमचे ५०० कागद अडीच किलोच भरतात, कारण त्यातला एक कागद ५ ग्रॅमचा असतो. वेष्टनावर ७५ जीएसएम लिहिलेलं असेल तर तेच रीम २ किलो ३४० ग्रॅमच्या आसपास येईल, तेवढं पाहून घ्या.

गठ्ठ्यावर खडूने किंवा पेनने वजन लिहून ठेवायची सवय लावा. घेणारा आला, गठ्ठ्यावर ‘४.४’ लिहिलेलं दिसलं, की अर्ध्याहून जास्त वाद उद्भवतच नाहीत. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, मला नंतर बऱ्याच वेळा तसा अनुभव आला.

कागद: हाताने फाडून पाहा

रद्दी म्हणजे एकच वस्तू नव्हे. कागद गिरणीत जातो, पाण्यात घुसळून त्याचे तंतू मोकळे करतात आणि त्यांचाच नवा कागद किंवा पुठ्ठा होतो. तुमच्या रद्दीतून किती लांब, किती स्वच्छ तंतू मिळणार, यावर तिची पत ठरते. पांढरा लिहिण्या-छापण्याचा कागद वर असतो. त्यातून लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य काढून टाकलेलं असतं. वर्तमानपत्राच्या कागदात ते शिल्लक असतं, म्हणूनच उन्हात पडलेला पेपर चार दिवसांत पिवळा होतो. तपकिरी पुठ्ठ्याचे तंतू लांब आणि मजबूत, पण त्यापासून पुन्हा पुठ्ठाच होतो, पांढरा कागद नाही. प्रत्येक फेरीत तंतू आखूड होत जातात, साधारण पाच-सात फेऱ्यांनंतर ते कामाचे राहत नाहीत.

घरात याचे चार ढीग पुरतात. पांढरा कागद आणि पुठ्ठे काढलेल्या वह्या एकीकडे. वर्तमानपत्रं दुसरीकडे. मधे नागमोडी थर असलेला तपकिरी पुठ्ठा तिसरीकडे. आणि गुळगुळीत मासिकं, औषधांची नि साबणाची पातळ खोकी, रंगीत जाहिराती असा मिश्र माल चौथीकडे. मासिकाचा कागद हातात जड लागतो, पण त्यातला बराचसा जडपणा चकाकीसाठी चढवलेल्या मातीसारख्या खनिजाचा असतो. त्याला भाव कमी मिळाला तर फसवणूक झाली असं समजू नका.

या चारांत न बसणारं काय, ते ओळखायला कागद फाडून पाहायचा. साधा कागद फाडला की कडेला केसाळ तंतू दिसतात. फाडताना कड ताणली गेली, मधे पारदर्शक पापुद्रा लोंबला, तर त्यावर प्लॅस्टिक चिकटवलेलं आहे. कागदी पेले, चकचकीत भेटपिशव्या, दुधाचे-रसाचे चौकोनी डबे याच जातीचे. त्या डब्यांत कागदाबरोबर प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचेही थर असतात, ते घेणारे वेगळे असतात, नेहमीच्या रद्दीत घालू नयेत. दुकानातल्या यंत्रातून निघणाऱ्या पावत्या नखाने घासल्या की काळ्या होतात. तो उष्णतेने छापायचा, रसायन लावलेला कागद. तोही बाहेर. तेलकट कागद आणि पुठ्ठ्याचं तर कुणीच काही करू शकत नाही, कारण तेल लगद्यात मिसळलं की निघत नाही. खोक्याचं झाकण कोरडं आणि तळ तेलकट असेल तर झाकण फाडून ठेवा, तळ टाका.

स्टेपलरच्या पिना काढत बसू नका, गिरणीत त्या वेगळ्या होतात. वहीची तारेची किंवा प्लॅस्टिकची गुंडाळी मात्र ओढून काढावी, तिच्यासकट वही दिली की ती पांढऱ्या ढिगातून थेट मिश्रात जाते.

आता या वेगळेपणाचा पैशात काय फरक पडतो ते पाहू. समजा घरात वर्तमानपत्रं २२ किलो, पुठ्ठा ८ आणि पांढरा कागद ५ किलो साठला. वर्तमानपत्राचा भाव १०, पुठ्ठ्याचा ६, पांढऱ्याचा १२ धरला, तर २२०, ४८ आणि ६० मिळून ३२८ होतात. हाच ३५ किलो माल एका पोत्यात कोंबून दारात ठेवला, तर घेणारा ‘सगळं मिळून ७ ने घेतो’ म्हणेल आणि २४५ देईल. त्याचंही बरोबर आहे, निवडायचं काम आता त्याच्या गळ्यात आलं. पण तीन महिन्यांत रोज अर्ध्या मिनिटाचं काम न केल्याचे ८३ गेले. खरे भाव वेगळे असतील, आणि अधूनमधून पुठ्ठा वर्तमानपत्राच्या पुढेही जातो. म्हणून माझे आकडे पाठ करू नका, आपल्या ढिगांवर आपल्याकडचे भाव घालून एकदा हा हिशेब करा.

ओलीबद्दल एक सांगते. कागद कोरडा दिसला तरी त्यात हवेतला दमटपणा असतोच. युरोपात जुन्या कागदाच्या व्यवहाराचं ईएन ६४३ नावाचं मानक आहे, त्यात १० टक्क्यांपर्यंतचा ओलावा नैसर्गिक धरला जातो. त्यामुळे कोरड्या खोलीतल्या गठ्ठ्यावर ‘ओलीचं’ म्हणून कपात मागणं गैर, आणि न्हाणीघराशेजारच्या गठ्ठ्यावर मागितली तर ती वाजवी. ओला गठ्ठा बाहेरून कळत नाही. सुतळी सोडून मधली चार पानं गालाला लावा, थंड लागली की ओल आहे. असा गठ्ठा सुटा करून दोन दिवस वाऱ्यावर पसरायचा. जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवलेला ढीग खालून ओल धरतो, तेव्हा खाली एक फळी टाका.

आणि विकण्याआधी पानं उलटून पाहा. माझ्या हातून एकदा जुन्या मासिकांबरोबर घराच्या कागदपत्रांची फाइल गेली. संध्याकाळी धावत जाऊन मिळाली, कारण घेणाऱ्याने गठ्ठा अजून सोडला नव्हता. खातेक्रमांक, सह्या असलेले कागद फाडायचे असतील तर तेवढाच भाग फाडा. अख्खा कागद यंत्रात बारीक केला की तंतू तुटतात आणि बहुतेक जण तो कमी भावाने घेतात किंवा घेतच नाहीत.

प्लॅस्टिक: चिन्ह वाचा, मग पाण्यात टाका

प्लॅस्टिकच्या वस्तूच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ मधला आकडा असतो. ही पद्धत १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केली. त्रिकोण बाणांचा असल्यामुळे लोकांना वाटतं की वस्तूवर तो आहे म्हणजे ती पुन्हा वापरात येणारच. तसं नाही. आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. तो घोळ टाळायला २०१३ मध्ये मानकात बाणांऐवजी भरीव त्रिकोण आणला, पण जुने साचे अजून चालू आहेत.

घरच्या मालासाठी तीन जाती लक्षात ठेवल्या तरी निभावतं. १ म्हणजे पेट, पाण्याच्या आणि शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्या. २ म्हणजे एचडीपीई, शाम्पूच्या नि फिनाइलच्या अपारदर्शक बाटल्या, जाड डबे. ५ म्हणजे पीपी, झाकणं, बऱ्याच बादल्या, जेवणाचे डबे. ४ हा पातळ पिशव्यांचा, स्वच्छ आणि पुष्कळ असतील तर घेणारे भेटतात. ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरिन आणि ७ म्हणजे उरलेलं सगळं. या तिघांना घरगुती प्रमाणात गिऱ्हाईक क्वचितच मिळतं. थर्माकोल हा ६ चाच फुगवलेला भाऊ, त्यात जवळजवळ सगळी हवाच. पोतंभर नेला तरी काटा हलत नाही, त्याची वाहतूक कुणाला परवडणार?

आकडा पुसलेला असेल तर वस्तूचा नखाएवढा तुकडा कापा. पाण्यात थेंबभर भांडी घासायचा द्रव मिसळा, नाहीतर तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि बुडणारा तुकडाही तरंगतो. तुकडा बोटाने खाली दाबून सोडा. वर आला तर २, ४ किंवा ५. तळाला बसला तर १, ३ किंवा ६. कारण साधं आहे, पहिल्या तिघांची घनता पाण्याहून कमी, दुसऱ्या तिघांची जास्त. मोठ्या कारखान्यांतही बाटल्यांचा चुरा पाण्याच्या टाकीत सोडून तळाशी गेलेलं पेट आणि वर तरंगणारी झाकणं अशीच वेगळी करतात. ही परीक्षा एका ठिकाणी चकवते. खुर्च्यांच्या किंवा यंत्रांच्या भागांच्या पीपीमध्ये खनिजाची भर घातलेली असली तर ते बुडतं.

पेटच्या पोत्यात पीव्हीसीची बाटली जाऊ देऊ नका, यावर घेणारे का अडून बसतात ते समजून घेण्यासारखं आहे. पेट वितळायला अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर तापवावं लागतं. त्या तापमानाला पीव्हीसी जळून त्यातून आम्ल वायू निघतो आणि शेजारचं चांगलं पेटही पिवळं, ठिसूळ होतं. दोन्ही बाटल्या पारदर्शक, दोन्ही पाण्यात बुडणाऱ्या. मग ओळखायचं कसं? बाटली उलटी करून तळ पाहा. पेटच्या बाटलीच्या तळाच्या मध्यावर मसुराएवढा खडबडीत ठिपका असतो, साच्यात प्लॅस्टिक तिथून शिरलेलं असतं. पीव्हीसीच्या बाटलीच्या तळाला ठिपक्याऐवजी आडवी शिवण दिसते. शिवाय पीव्हीसी दुमडलं की घडीवर पांढरी रेघ उठते. कुणी जाळून वास घ्यायला सांगेल, ते घरात अजिबात करू नका. निघणारा वायू छातीला त्रास देतो.

पेटमध्येही रंगहीन बाटली वरच्या भावाची, रंगीत खालची. रंगहीन मालाला पुढे कुठलाही रंग देता येतो. काळं प्लॅस्टिक सगळ्यात मागे, कारण त्यातल्या काजळीमुळे निवड करणाऱ्या यंत्रांच्या प्रकाशकिरणांना ते दिसतच नाही.

बाटल्या विसळून, उलट्या टांगून कोरड्या करा. आत थोडं पाणी राहिलं तर घेणारा सबंध पोत्यावर अंदाजाने कपात लावतो आणि तो अंदाज कधी तुमच्या बाजूने नसतो. मग चेपा. झाकण काढून द्यायचं की लावून, हे घेणाऱ्यालाच विचारा, हाताने निवडणारे काढून मागतात, यंत्राला माल देणारे बरेचदा लावून चालवून घेतात. कीटकनाशक, ॲसिड, इंजिन ऑइल यांचे डबे मात्र याच्यात मिसळू नका, जिन्नस वेगळा म्हणून सांगून द्या. घड्याळ-खेळण्यांचे सेलही पोत्यात जाऊ देऊ नका, लिथियमचा सेल दाबाखाली फुटला तर गोदामाला आग लागते.

वजनाची अपेक्षा मात्र बेतानेच ठेवा. लिटरची रिकामी बाटली वीस-तीस ग्रॅमची असते, म्हणजे किलोला तेहतीस ते पन्नास बाटल्या लागतात. घरात जागा खातं प्लॅस्टिक आणि पैसे देतो कागद. त्यामुळे दोन्ही एकदमच विकायला काढा. नुसत्या प्लॅस्टिकच्या पोत्यासाठी कुणी घरापर्यंत येत नाही, आला तर भाव तरी पाडतो.

भाव कुठून येतो आणि आजचा कसा काढायचा

घरोघर फिरणारा माल दुकानदाराला देतो, दुकानदार गोदामाला, गोदामवाला निवडून, यंत्राखाली दाबून, गाठी बांधून गिरणीला. प्रत्येक पायरीवर कुणीतरी निवडतो, वाहतो, आणि वाया जाणारा भाग सोसतो. नेटवर दिसणारा भाव बहुधा शेवटच्या पायरीचा असतो. टनाचा, गाठी बांधलेल्या मालाचा, गिरणीच्या दारात पोच. तो आकडा हजाराने भागून दारातल्या माणसाशी भांडणं हा नवशिक्यांचा नेहमीचा घोटाळा. त्या आकड्याचा उपयोग एकच, दिशा कळते. तो महिनाभर चढत असेल आणि तुमच्याकडचा हललाच नसेल, तर विचारायला जागा आहे.

भाव पडतात ते नेहमी स्थानिक कारणाने पडतात असं नाही. चीनने २०१७ च्या जुलैमध्ये जागतिक व्यापार संघटनेला कळवलं की बाहेरचा मिश्र कागद आणि घरगुती प्लॅस्टिक आम्ही घेणार नाही. १ जानेवारी २०१८ पासून बंदी लागू झाली, आणि जो कागद-पुठ्ठा घ्यायचा त्यातही भेसळ अर्धा टक्का, त्याहून जास्त नको, अशी अट आली. मिश्र कागदाचे भाव अनेक देशांत कोसळले, निवडलेल्या मालाने त्या मानाने तग धरला. प्लॅस्टिकची गोष्ट खनिज तेलाशी बांधलेली आहे. तेल स्वस्त झालं की नवं प्लॅस्टिक स्वस्त होतं, मग जुनं कोण चढ्या भावाने घेणार?

आजचा भाव काढायचा तर एकाच दिवशी तिघांना विचारा, आणि तिघांना अगदी तेच शब्द. ‘रद्दी काय भाव?’ असं विचारलं की तिघं तीन वेगळ्या वस्तूंचे भाव सांगतात. मी फोनवर असं विचारते: ‘दादा, कोरडी वर्तमानपत्रं, गठ्ठे बांधलेली, वीसेक किलो आहेत. घरी येऊन घेतलीत तर किलोला काय द्याल, आणि दुकानात आणून दिली तर काय?’ मग पुठ्ठा, मग पांढऱ्या वह्या, मग रंगहीन बाटल्या, एकेक. शेवटी दोन प्रश्न न विसरता: कमीत कमी किती माल लागतो, आणि वजनातून काही वजा करता का? घरपोच आणि दुकानपोच भावांतला फरक म्हणजे त्यांच्या फेरीची मजुरी. पाच किलोसाठी ती वाचवायला जाऊ नका, पन्नास किलो असेल आणि गाडी त्या बाजूला जाणारच असेल तर जा.

उत्तरं तारखेसकट वहीत लिहा. महिन्यापूर्वीचा भाव शिळा समजायचा. तिघांपैकी एकाचा आकडा बाकी दोघांहून बराच वर असेल, तर आनंदाच्या आधी शंका येऊ द्या. तो आकडा माल बाहेर काढायला लावण्यापुरता असतो आणि काट्यावर भरून काढला जातो, माझ्या ११ सारखा. दारात आल्यावर ‘हे तर मिश्र आहे’ म्हणून भाव उतरवणं हा त्याचाच दुसरा प्रकार.

भरवशाचा माणूस

एकदम सगळा माल कुणालाही देऊ नका. पहिल्यांदा पाच-सात किलोच द्या, घरी नीट तोलून. तोंडाने काही बोलू नका, त्यांना मोजू द्या आणि आकडा पाहा. शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक काट्याकाट्यांत असतोच, तो सोडून द्या. अर्धा किलो गेला तर मात्र काटा समजून घ्यायला हवा.

ताणकाटा असेल तर माल अडकवण्याआधी काटा शून्यावर आहे का पाहा, मोकळा टांगून एकदा ओढून सोडायला सांगा. तोलताना गठ्ठा हवेत सुटा हवा. खालून गुडघ्याला, पायरीला किंवा सायकलच्या चाकाला टेकलेला गठ्ठा हलका भरतो आणि समोर उभं राहून ते दिसत नाही, बाजूला सरकून पाहावं लागतं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर माल ठेवण्याआधी शून्य, उचलल्यावर पुन्हा शून्य. उचलल्यावर उणे आकडा दिसला तर आधी शून्य करताना त्यावर काहीतरी होतं. दोन पारड्यांचा तराजू असेल तर एकदा माल आणि वजनं यांची पारडी बदलून तोला. दोन्ही वेळा सारखंच भरलं तर दांडी खरी. आणि सगळे गठ्ठे शक्य तितके एकत्र तोलायला सांगा, सुट्या तोलण्यात पूर्णांकाकडे उतरणाऱ्या किलोंचं काय होतं ते वर पाहिलंच.

हे सगळं भांडणाच्या सुरात करायचं नाही. ‘काटा एकदा शून्यावर दाखवता का?’ एवढं म्हटलं की भरवशाचा माणूस सहज दाखवतो, कारण त्यालाही नेहमीचं घर हवं असतं. मला एकदा एकांनी उलट सांगितलं, ‘ताई, तुमचा काटा आणा, त्यावर मोजू.’ त्यांनाच मी आजही माल देते. त्यांचा भाव तिघांत मधला आहे.

आणखी दोन खुणा मला उपयोगी वाटतात. जो ‘वह्यांचे पुठ्ठे काढलेत का, बाटल्या रंगीत किती’ असं विचारतो, तो पुढे निवडलेल्या मालाचे वेगळे पैसे घेतो, म्हणजे तुम्हालाही वेगळे देऊ शकतो. ‘सगळं चालतं’ म्हणणारा बहुधा सगळ्याचा तळाचा भाव देणार असतो. दुसरी खूण जागेची: त्याचं दुकान किंवा गोदाम ठाऊक असावं. माझी फाइल परत मिळाली ती जायचं कुठे हे माहीत होतं म्हणून. फिरतीवर येणाऱ्याला दुकान नसेल तर तो माल कुठे घालतो ते विचारा, बहुतेक जण संकोच न करता सांगतात. फिरत्या माणसाचा भाव थोडा कमी असणारच, तो तुमचं पोतं पाठीवर नेतो. तेवढ्यासाठी त्याला लबाड ठरवू नये.

माल आधी दाराबाहेर आणून ठेवा, म्हणजे कुणाला घरात बोलवावं लागत नाही आणि ‘तो कोपऱ्यातला पंखा पण द्या ना’ हा विषयही निघत नाही. तोलाई झाली की वजन, भाव आणि रक्कम मोठ्याने म्हणा, पैसे तिथेच घ्या. पुढच्या वेळी देतो म्हणणाऱ्याला मालही पुढच्या वेळी.

माझ्या वहीत गेल्या खेपेची नोंद अशी आहे: पेपर, घरी २१.६, त्यांच्याकडे २१.५. पुठ्ठा ९ आणि ९. बाटल्या, घरी १.४, त्यांच्याकडे १.३, तीन बाटल्यांत पाणी निघालं, चूक माझी.